१८ कॅरेट व्हाइट गोल्डचा प्रतिग्रॅम भाव रोज गोल्डपेक्षा जास्त का? मदत हवी आहे

एकाच डिझाइनची ४ ग्रॅमची अंगठी करायचीये, दोन्ही रंगात १८ कॅरेट, म्हणजे ३ ग्रॅम शुद्ध सोनं दोन्हीकडे सारखंच. रोजमधे उरलेला १ ग्रॅम बहुतेक तांबं आणि थोडी चांदी, त्याची किंमत सोन्यापुढे नगण्य. व्हाइटला मात्र ज्वेलर प्रतिग्रॅम जास्त लावतोय, मजुरी वेगळीच. कारण विचारलं तर म्हणतो पॅलेडियम आहे. तसं असेल तर पटतं, १२ टक्के धरलं तरी जवळपास अर्धा ग्रॅम पॅलेडियम होतं. पण निकेलचा मिश्रधातू असेल तर तो स्वस्त असतो, मग जास्तीचे पैसे कशाचे? वर मला निकेलची ॲलर्जी आहे, त्यामुळे हे कळणं गरजेचंच आहे.

७५० चा शिक्का बघितला, पण त्यातून फक्त सोन्याचं प्रमाण कळतं. निकेल टेस्टचं किट वापरलं, काही आलं नाही, पण वर रोडियमचं पॉलिश असल्यामुळे त्यावर विश्वास नाही. कापून किंवा घासून बघता येणार नाही.

एक्सआरएफ मशीनवर रोडियमखालचं निकेल आणि पॅलेडियम वेगवेगळं दिसतं का, आणि पॅलेडियमचा फरक भावात नेमका कसा धरायचा?