मदत हवी आहे: गृहपाठाचा मेसेज पोचतो, वर्कशीटचा फोटो पोचत नाही. पालकांना सूचना कशी लिहू?

खडूफळा

तिसरीचा वर्ग, ३६ मुलं, पालकांचा एक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप. रोज संध्याकाळी पाचच्या सुमारास आधी गृहपाठाचा मजकूर टाकते आणि लगेच खाली वर्कशीटचा फोटो. गेल्या पंधरवड्यापासून रोज आठ-दहा पालकांचं एकच: "बाई, मेसेज आला, फोटो नाही आला." माझ्याकडे तर फोटो गेलेला दिसतो. दुसऱ्या दिवशी ती मुलं कोरी वही घेऊन येतात. सूचना पाठवायची आहे, कच्चा मजकूर असा:

"सर्व पालकांना सूचना. गृहपाठासोबत वर्कशीटचा फोटो नियमित पाठवला जातो. ज्यांना तो दिसत नाही त्यांनी आपले इंटरनेट तपासावे. फोटो मिळाला नाही ही सबब यापुढे ऐकून घेतली जाणार नाही."

शेवटचं वाक्य कडक झालंय, कळतंय. पण मुळात फोटो का दिसत नाही हेच नीट माहीत नसेल तर लिहू काय?

दुरेघी वही

आमच्याकडेही हेच. पालक नुसतं "गृहपाठ झाला" लिहितात, सोडवलेल्या पानाचा फोटोच टाकत नाहीत. फोटो नसेल तर गृहपाठ धरणार नाही असं सरळ लिहा. दोन दिवसांत सगळे फोटो येतात.

खडूफळा

नाही हो, उलटं आहे. फोटो माझ्याकडून जातो, त्यांना दिसत नाही.

शेजारचे काका

सोपं आहे. त्या पालकांनी तुमचा नंबर सेव्ह केलेला नसणार. नंबर सेव्ह नसला की व्हॉट्सअ‍ॅपवरचं पोचत नाही. सूचनेत पहिली ओळ तीच टाका.

तारमास्तर

काका, ते ब्रॉडकास्ट लिस्टचं. तिथे पाठवणाऱ्याचा नंबर सेव्ह नसेल तर मेसेज येतच नाही, पण मग मजकूरही आला नसता. इथे मजकूर येतोय आणि ग्रुप आहे. ग्रुपमध्ये नंबर सेव्ह असो-नसो, मेसेज पोचतो.

बाई, "फोटो आला नाही" या एका वाक्यात तीन-चार वेगळ्या गोष्टी दडलेल्या असतात आणि प्रत्येकीचा उपाय वेगळा. म्हणून सूचना नंतर, आधी एक काम करा. तक्रार करणाऱ्या प्रत्येकाकडून ग्रुपचा स्क्रीनशॉट मागवा, तुमचा मजकूर आणि त्याखालची जागा दोन्ही दिसेल असा. त्यात काय बघायचं ते सांगतो.

पहिला प्रकार: मजकुराखाली धूसर चौकोन, त्यावर खाली वळलेला बाण आणि केबीमध्ये आकडा. म्हणजे फोटो आलाय, फक्त उतरवून घेतलेला नाही. बाणावर बोट ठेवलं की उघडतो. पुष्कळ लोकांना तो चौकोन म्हणजे "काहीतरी खराब आलं" असं वाटतं. डेटा वाचवायला कुणीतरी आपोआप उतरवणं बंद केलेलं असतं. Settings मध्ये Storage and data, त्यात Media auto-download, त्याखाली When using mobile data, आणि तिथे Photos वर खूण करायची. साधा फोटो व्हॉट्सअ‍ॅप दाबून लहान करूनच पाठवतं, वर्कशीटचा बहुधा काहीशे केबीत बसतो. त्यामुळे Photos चालू ठेवून Videos बंद ठेवलं तर डेटा फारसा जात नाही. पालकांना हे दुसरं वाक्यच पटतं.

दुसरा प्रकार: तसाच चौकोन, पण बाण दाबूनही फोटो उतरत नाही. नेट चालू असेल तर बहुतेक वेळा फोन भरलेला असतो. मजकुराला जागा जवळजवळ लागतच नाही, म्हणून मेसेज येत राहतात आणि फोटो अडतो. Storage and data मध्येच Manage storage आहे, तिथे Larger than 5 MB असा वेगळा कप्पा दिसतो. लग्नाचे आणि सुप्रभातचे व्हिडिओ तिथूनच काढायचे. क्वचित फोनची तारीख चुकलेली असते, त्यानेही फोटो उतरत नाही.

तिसरा प्रकार: खाली काहीच नाही, चौकोनसुद्धा नाही. स्क्रीनशॉटचा वरचा भाग बघा. ग्रुपचं नाव आहे, की "अहो" किंवा "ताई" अशा माणसाचं?

खडूफळा

शेवटचं नीट कळलं नाही. माणसाचं नाव कशाला असेल?

तारमास्तर

ग्रुपमध्ये बहुधा घरातला एकच नंबर असतो, बऱ्याचदा वडिलांचा. ते कामावर असतात. घरी आईला किंवा शिकवणीच्या बाईंना ते तुमचा मजकूर फॉरवर्ड करतात. मजकूर आणि फोटो तुम्ही दोन वेगळे मेसेज म्हणून पाठवले आहेत, त्यामुळे एकावर बोट दाबून ठेवलं की एकच जातो. आईच्या फोनवर खरोखरच फोटो आलेला नसतो. तिला इंटरनेट तपासायला सांगून काय होणार?

पाटीपुसणी

माझ्या मुलीच्या वर्गात वेगळंच आहे. टीचर वर्कशीट स्कॅन करून पीडीएफ पाठवतात. घरी वाय-फाय असणाऱ्यांकडे आपोआप उतरते, आमच्याकडे मोबाइल डेटावर नुसतं फाइलचं नाव. तेच असेल का इथे?

तारमास्तर

बाई फोटो पाठवतात म्हणतात, त्यामुळे इथे नसावं. पण तुमचं निरीक्षण बरोबर आहे. व्हॉट्सअ‍ॅप मुळात असं लावलेलं असतं की मोबाइल डेटावर फक्त फोटो आपोआप उतरतात, डॉक्युमेंट वाय-फायवरच. बारीक अक्षरांचं पान असेल तर पीडीएफ बरी, पण तिसरीच्या वर्कशीटला फोटो पुरतो.

खडूफळा

दोन दिवसांत ११ जणांचे स्क्रीनशॉट आले. पाच जणांकडे धूसर चौकोन आणि बाण. दोघांचे फोन भरलेले. तिघांचे स्क्रीनशॉट ग्रुपचे नव्हतेच, तुम्ही म्हणालात तसे नवऱ्याने नाहीतर जावेने फॉरवर्ड केलेल्या मजकुराचे! एकाचं कळत नाही: ग्रुप तोच, मजकूर आहे, फोटोच्या जागी काही नाही. आणि मला वाटत होतं सगळे थापा मारतात.

एक शंका. फोटोवर निळ्या खुणा आल्या तर पालकाने तो पाहिला असं धरायचं ना?

तारमास्तर

धरू नका. एक तर ग्रुपमध्ये दोन खुणा सगळ्यांना पोचल्यावरच येतात आणि निळ्या सगळ्यांनी वाचल्यावर. ३६ घरांत एकाचा फोन बंद असला तरी एकच करडी खूण दिसत राहील. कुणाला पोचलं ते बघायचं तर फोटोवर बोट दाबून ठेवा, वरच्या तीन ठिपक्यांतून Info. तिथे Read by आणि Delivered to अशा याद्या येतात. पण Read by मध्ये नाव असणं म्हणजे त्याने ग्रुप उघडला आणि फोटोची जागा नजरेखालून गेली, एवढंच. धूसर चौकोन बघून पुढे गेलेला पालकही त्या यादीत असतो. मुलाला वर्गात उभं करायला हा पुरावा पुरत नाही.

आता तुमच्या बाजूचा बदल. मजकूर वेगळा पाठवू नका. आधी फोटो निवडा आणि पाठवण्याआधी खाली Add a caption अशी जी ओळ येते तिथेच गृहपाठ लिहा. मग दोन्ही मिळून एकच मेसेज होतो. फॉरवर्ड करणाऱ्याने मजकूर मुद्दाम काढला नाही तर तो फोटोसोबतच जातो. तुमचे ते तिघे इथेच सुटतात, त्यांना काही शिकवावं लागत नाही. मात्र Copy करून दुसरीकडे चिकटवलं तर तेव्हाही नुसता मजकूरच जाईल.

वर्कशीटची दोन पानं असतील तर जपून. एकदम निवडलेल्या फोटोंत प्रत्येकाखाली वेगळी ओळ लिहिता येते आणि आपण सहसा एकाखालीच लिहितो. दुसरं पान मग बिननावाचं फिरतं. दोन्हींखाली तारीख आणि "पान १/२", "पान २/२" लिहा.

शेजारचे काका

म्हणजे आमच्या नंबर सेव्हचा काहीच उपयोग नाही?

तारमास्तर

आहे की. बाईंनी उद्या ग्रुप सोडून ब्रॉडकास्ट लिस्ट धरली तर पहिली सूचना तुमचीच लागेल.

खडूफळा

नवा मजकूर केलाय, बघा:

"नमस्कार. उद्यापासून गृहपाठ आणि वर्कशीटचा फोटो एकाच मेसेजमध्ये येईल, मजकूर फोटोच्या खाली असेल. कुणाला पुढे पाठवायचा असल्यास फोटोवर बोट दाबून फॉरवर्ड करावे, मजकूर कॉपी करू नये. फोटोच्या जागी धूसर चौकोन दिसला तर त्यावरील बाणावर एकदा बोट ठेवावे. तरीही फोटो उघडला नाही तर फोनमध्ये जागा आहे का पाहावे. एवढे करूनही दिसला नाही तर रात्री आठपर्यंत मला त्या मेसेजचा स्क्रीनशॉट पाठवावा. मुलाला दुसऱ्या दिवशी वर्कशीटची छापील प्रत वर्गात दिली जाईल."

दुरेघी वही

शेवटची ओळ काढा. छापील प्रत मिळणार म्हटल्यावर बाण दाबायचे कष्ट कोण घेणार? झेरॉक्सचा खर्च तुमच्या अंगावर.

पाटीपुसणी

मी ठेवेन. ज्यांचा फोन खरंच चालत नाही त्यांच्या मुलाने काय करायचं? फक्त "स्क्रीनशॉट पाठवलेल्यांना" असं घाला. आणि धूसर चौकोनाचं चित्र सोबत द्या, शब्दांत सांगून कळत नाही.

तारमास्तर

चित्राची कल्पना चांगली, पण ज्यांना फोटोच उघडत नाही त्यांना चित्र फोटोतून पाठवणार? त्याचा एक कागद मुलांच्या डायरीत चिकटवा. बाकी सूचना ठीक आहे. एक ओळ वाढवा: फोटो त्याच आठवड्यात उघडून घ्यावा. व्हॉट्सअ‍ॅप न उतरवलेला फोटो कायम सांभाळून ठेवत नाही, महिनाभराने बाण दाबला तर पाठवणाऱ्याकडे पुन्हा मागा असं येतं. दिवाळीच्या सुट्टीचा अभ्यास शेवटच्या दिवशी उघडणाऱ्यांना हेच नडतं.

खडूफळा

घातली. "स्क्रीनशॉट पाठवलेल्यांना" हेही घातलं, छापील प्रत ठेवली. आणि तो अकरावा? Info मध्ये त्याचं नाव Read by मध्ये आहे, फोन भरलेला नाही, बाकीचे फोटो येतात. फक्त सोमवारचा आणि बुधवारचा वर्कशीटचा फोटो नाही.

पाटीपुसणी

फोन संध्याकाळी कुणाच्या हातात असतो विचारा. Delete for me केलं की फोटो मागमूस न ठेवता जातो आणि तिसरीच्या पोराला ते येतं.

तारमास्तर

शक्य आहे, पण स्क्रीनशॉटवरून ओळखता येत नाही. मुलावर एकदम ठपका नको. पुढचे चार दिवस एकाच मेसेजमध्ये पाठवा. मजकूर फोटोला चिकटलेला असेल, तेव्हा फोटो गेला तर मजकूरही जाईल. तसं झालं तर कुणीतरी हाताने काढलंय असं समजा. मजकूर राहिला आणि फोटो उघडला नाही तर दोष फोनचा.

खडूफळा

सोमवारपासून करते. त्या घरून काय येतं ते इथे लिहीन.