मुलाचं डोळे चोळणं थांबत नाही, मदत हवी आहे

मानेवाड्याची आई: मुलगा सारखा डोळे चोळून राहिला. रागावून झालं, हातावर फटके देऊन झालं. परीक्षा जवळ आहे. चांगले ड्रॉप्स सांगा.

प्रशांत: वय? कधीपासून? चष्मा आहे का?

वऱ्हाडी_भाऊ: त्रिफळ्याच्या पाण्यानं धुवा न ताई, वरून गुलाबपाणी. आमच्या घरी सगळे तेच करतात.

मानेवाड्याची आई: १४ वर्षांचा आहे. चौथीपासून चोळतो. कूलर सुरू झाला की जास्त. चष्मा वर्षात दोनदा बदलला.

चष्मातपासणी: मी रोज नंबर काढतो, म्हणून विचारतो. चष्म्याच्या नंबरातला सिलिंडर, म्हणजे तिरकस नंबर, किती होता, किती झाला? नव्या चष्म्यातून शेवटच्या ओळी वाचतो का?

मानेवाड्याची आई: डाव्या डोळ्याचा १ होता, आता २.७५. शेवटच्या दोन ओळी दिसत नाहीत. दुकानदार म्हणाला, सवय होईल.

चष्मातपासणी: ताई, ही सवयीची गोष्ट वाटत नाही. या वयात सिलिंडर इतका वाढला आणि चष्म्यातूनही पूर्ण दिसत नसेल, तर केराटोकोनसची शंका घ्यावीच लागते. बुबुळावरचा पारदर्शक पडदा, म्हणजे कॉर्निया, पातळ होऊन पुढे शंकूसारखा येतो. ॲलर्जीनं खाज सुटते, बोटांच्या पेरांनी दाबून चोळलं की तो आणखी कमजोर होतो. कॉर्नियाची टोपोग्राफी, म्हणजे त्याच्या आकाराचा नकाशा काढणारी तपासणी करा, साध्या तपासणीत सुरुवात निसटते. आणि त्रिफळा, गुलाबपाणी काही टाकू नका.

साधना: माझ्या मुलीला मेडिकलवाल्यानं दिलेल्या ड्रॉप्सनी दोन दिवसांत आराम पडला. तेच आणते मी दर उन्हाळ्यात.

चष्मातपासणी: बाटलीवर डेक्सामेथासोन किंवा प्रेडनिसोलोन लिहिलंय का बघा. ही स्टेरॉइडं आहेत. खाज खरंच थांबते, पण मनानं टाकत राहिलं तर डोळ्याचं प्रेशर वाढतं, आणि ते दुखत नाही म्हणून कळत नाही.

साधना: प्रेडनिसोलोनच आहे. उद्याच दाखवते.

प्रशांत: १८ झाला की लेसर करून टाका, माझ्या भाच्याचा नंबर गेला.

चष्मातपासणी: लेसर कॉर्निया आणखी पातळ करतं. अशा डोळ्यावर नंबर घालवायचं लेसर करत नाहीत.

मानेवाड्याची आई: मग चोळणं थांबवू कसं?

चष्मातपासणी: आधी खाज थांबवा. ओलोपॅटाडिनसारखे ॲलर्जीचे ड्रॉप्स डॉक्टरांनी दिले तर खाज नसतानाही रोज टाकावे लागतात. खाज आली की फ्रिजमधल्या पाण्याची घडी मिटलेल्या डोळ्यांवर नुसती ठेवायची, दाबायची नाही. कूलरचा झोत तोंडावर नको, जुन्या ताट्या बदला. झोपेत चोळत असेल तर रात्री प्लास्टिकची आय शील्ड लावा. रागावू नका, मुलं मग बाथरूममध्ये जाऊन चोळतात.

मानेवाड्याची आई: टोपोग्राफी झाली. केराटोकोनसच निघाला. डावा सर्वात पातळ जागी ४६२ मायक्रॉन. एक डॉक्टर म्हणतात ३ महिन्यांनी पुन्हा बघू, दुसरे म्हणतात कॉर्निया घट्ट करायचा उपचार, सी-थ्री-आर, लगेच करा.

चष्मातपासणी: मुलांमध्ये हे झपाट्यानं वाढतं, म्हणून काही डॉक्टर थांबत नाहीत. तुमच्याकडे तर नंबर वाढल्याचा जुना कागदही आहे, तो दोघांनाही दाखवा. सी-थ्री-आरनं वाढ रोखतात, गेलेली जाडी परत येत नाही. ४०० च्या खाली गेलं की नेहमीच्या पद्धतीनं करणं अवघड होतं.

वऱ्हाडी_भाऊ: खर्च किती येते हो?

मानेवाड्याची आई: तेच विचारायला सोमवारी जातोय. कागद सापडला. रात्री शील्ड लावतो, पण पहाटे काढून टाकतो.