२० पैकी १५.४०: इराणी गुणपत्रक इंग्रजीत समजावताना रूपांतर करावं का?

मृदुला, पुणे
माझी मैत्रीण शिराझची. तिथे सिव्हिलची पदवी घेऊन ती पुण्यात आली आणि आता जर्मनीत मास्टर्ससाठी अर्ज करतेय. पदवीची सरासरी २० पैकी १५.४० आहे. गुणपत्रकासोबत इंग्रजीत पानभर खुलासा जोडायचाय, तो मी लिहून देतेय. सरळ ७७ टक्के लिहू, ४ पैकी ३.०८ लिहू, की रूपांतर करूच नको?

गिरीश
टक्केच लिहा. पाचाने गुणलं की झालं, यात खोटं काही नाही. समोरच्या माणसाकडे अर्जांचा ढीग असतो, २० ची पट्टी समजून घ्यायला त्याला वेळ कुठला? ७७ म्हटलं की जगात कुणालाही कळतं.

अनघा, श्टुटगार्ट
गिरीश, कळतं खरं, पण प्रत्येकाला वेगळं कळतं. आपल्याकडे ७७ म्हणजे चांगला पहिला वर्ग. अमेरिकेत बऱ्याच ठिकाणी तो सी प्लस, म्हणजे जेमतेम. गुण तेच राहतात, मुलगी मात्र एका टेबलावर हुशार ठरते आणि दुसऱ्यावर सुमार.

मी इथल्या एका विद्यापीठाच्या प्रवेश कार्यालयात काही वर्षं काम केलंय. विद्यार्थ्याने स्वतः काढलेले टक्के आम्ही बाजूला ठेवायचो आणि मूळ आकड्याकडे जायचो. त्यामुळे खुलाशात आकडा बदलू नका. पट्टीवरच्या खुणा तेवढ्या सांगा, कारण इराणी नियमांत त्या आधीच आहेत. पदवीला एका विषयात पास व्हायला १० लागतात. सत्राची सरासरी १२ च्या खाली गेली की विद्यार्थी ‘मश्रूत’ होतो, म्हणजे ताकीद मिळते आणि पुढच्या सत्रात १४ च्या वर वाहेद, तिथली क्रेडिट, घेता येत नाहीत. एरवी २० पर्यंत घेता येतात. सरासरी १७ किंवा वर असेल तर २४ पर्यंत मुभा मिळते. एवढी तीन वाक्यं लिहिलीत तर १५.४० कुठे बसतं ते वाचणाऱ्याला आपोआप दिसतं. विद्यापीठच १७ ला बक्षीस देतं म्हटल्यावर २० पैकी १९ ची अपेक्षा कोणी धरत नाही.

गिरीश
खुणांचं पटलं. पण ऑनलाइन अर्जात चारपैकीचा रकाना सक्तीचा असला तर? तो रिकामा ठेवून अर्ज पुढे सरकत नाही.

अनघा, श्टुटगार्ट
आधी पट्टी निवडायची सोय आहे का ते बघायचं, पुष्कळ अर्जांत २० हा पर्याय असतो. नसेल तर त्या विद्यापीठाने सांगितलेल्या रीतीनेच आकडा भरायचा आणि तो कसा काढला ते खुलाशात एका ओळीत लिहायचं. स्वतःची रीत शोधायची नाही.

प्रमोद, ठाणे
माझ्या मुलाचं मुंबईचं गुणपत्रक होतं, त्याला अपोस्टिल, म्हणजे परदेशासाठीचं सरकारी प्रमाणपत्र, लावून घेतलं आणि काम झालं. ताई, तुम्हीही पहिल्यांदा अपोस्टिल करा, खुलाशाचं नंतर बघू.

अनघा, श्टुटगार्ट
प्रमोदकाका, भारत अपोस्टिलच्या करारात आहे, इराण नाही. त्यामुळे शिराझच्या कागदाला ती वाटच नाही. तिथे न्यायखात्याने मान्यता दिलेला अनुवादक भाषांतर करतो, त्यावर न्यायखात्याचा आणि मग परराष्ट्र खात्याचा शिक्का बसतो. तो अनुवादक मूळ कागदात आहे तेवढंच लिहितो. म्हणून मृदुलाचा खुलासा वेगळ्या पानावर हवा, आणि ‘हे अर्जदाराचं स्पष्टीकरण आहे’ असं वर स्पष्ट लिहिलेलं हवं. भाषांतरात पेनाने एक शब्दही घालू नका.

इरफान, पुणे
मी फारसी शिकलोय आणि पुण्यातल्या बऱ्याच इराणी मुलांचे कागद पाहिलेत. सगळे सरासरीवर भांडताय, पण मला दोन चुका त्याहून जास्त वेळा दिसल्या.

एक, तिरकी रेघ. फारसीत दशांशचिन्हाच्या जागी बहुतेक वेळा तिरकी रेघच लिहितात, म्हणजे १५/४०. इंग्रजी प्रतीत ती तशीच राहिली तर परका माणूस ‘४० पैकी १५’ वाचतो आणि मुलगी नापास वाटते. मृदुलाताई, भाषांतरातला प्रत्येक विषयाचा गुण तपासा. एका ठिकाणी टिंब आणि दुसऱ्या ठिकाणी रेघ असेल तर अनुवादकाकडून दुरुस्त प्रत घ्या.

दुसरी चूक सालांची. इराणी वर्ष मार्चमध्ये सुरू होतं. आपल्याकडे शके सालात आधी ७८ मिळवतात आणि जानेवारीपासून ७९, तसंच तिथे आधी ६२१ आणि जानेवारीपासून ६२२. बऱ्याच विद्यापीठांत सत्राला ९६२ असा आकडा देतात, म्हणजे १३९६ चं दुसरं सत्र. ते बहमन महिन्यात, जानेवारीच्या शेवटाकडे सुरू होतं. घाईत १३९६ मध्ये ६२१ मिळवले की २०१७ येतं, खरं साल मात्र २०१८.

मृदुला, पुणे
इरफान, आत्ता भाषांतर काढून बघितलं. शेवटचं सत्र ९६२ आहे, त्यापुढे २०१७ छापलंय आणि पदवीची तारीख जुलै २०१८ ची. मधलं वर्ष ती कुठे होती, असा प्रश्न नक्की आला असता. गुणांत तिरकी रेघ नाही. सालाची चूक अनुवादकाला आजच कळवतेय.

वाहेदचं काय लिहू? एकूण १४० आहेत आणि जर्मन कार्यक्रम १८० युरोपी क्रेडिट मागतो.

अनघा, श्टुटगार्ट
ते दोन वेगळ्या मापांचे आकडे आहेत. थिअरीचा एक वाहेद म्हणजे सत्रभरात वर्गातले १६ तास, घरचा अभ्यास त्यात धरलेला नसतो. युरोपी क्रेडिटमध्ये तो धरतात, आणि तिथे एका वर्षाचे ६० होतात. खुलाशात ‘८ सत्रं, ४ वर्षं, १४० वाहेद, थिअरीचा वाहेद १६ तासांचा’ एवढंच लिहा. १८० शी तुलना तुम्ही करू नका, कार्यालय करेल.

समीर, म्युनिक
मी अनघाताईंच्या विरुद्ध मताचा आहे, निदान जर्मनीपुरता. इथे पुष्कळ विद्यापीठं परदेशी गुण जर्मन श्रेणीत बदलायला बव्हेरियन सूत्र लावतात, त्यात कमाल आणि पास होण्याचे किमान गुण घालावे लागतात. ‘किमान’ म्हणून १० धरायचे की १२, हे खुलाशात ठामपणे लिहायलाच हवं. बघा:

```
1 + 3 × (20 − 15.40) / (20 − 10) = 2.38
1 + 3 × (20 − 15.40) / (20 − 12) = 2.725
```

इथे १ सर्वांत चांगला. पुष्कळ मास्टर्सना २.५ ची अट असते. १० धरले तर ती आत, १२ धरले तर बाहेर. एवढी मोठी गोष्ट कारकुनाच्या अंदाजावर सोडायची?

अनघा, श्टुटगार्ट
गणित बरोबर आहे, आणि भीतीही रास्त आहे. १२ मागणाऱ्यांचंही एक म्हणणं असतं: विषयात १० चालतात, पण पदवी मिळायला एकूण सरासरी १२ लागते. सूत्रात सरासरी घालतोय, तर किमानही सरासरीचाच घ्या, असं ते म्हणतात. मला स्वतःला १० योग्य वाटतात, पण अर्जदाराने एक खूण दाखवून दुसरी झाकली तर आख्ख्या पानावरचा विश्वास जातो. दोन्ही लिहावं.

समीर, म्युनिक
दोन्ही लिहिलं तर ते कडक आकडा उचलतील. पास होण्याचे गुण १० आहेत हे खरं आहे ना? मग तेच लिहायचं. यात लपवलं काय?

गिरीश
इथे मी समीरच्या बाजूचा. विचारलं तर १२ सांगावं, न विचारता का?

इरफान, पुणे
इराणी गुणपत्रकाच्या तळाशी किंवा मागे कधी कधी पट्टीचा खुलासा छापलेला असतो. मैत्रिणीच्या कागदावर असेल तर वाद मिटला, विद्यापीठाचं वाक्य शब्दशः द्या. मूळ फारसी प्रत बघा, भाषांतरात मागची बाजू पुष्कळदा गाळलेली असते.

मृदुला, पुणे
मागची बाजू खरंच भाषांतरात नाहीये. मूळ प्रत तिच्या आईकडे शिराझला आहे, रात्री फोटो मागवतोय. त्यावर १० असो वा १२, जे छापलंय ते जाईल. काहीच नसेल तर मी अनघाताईंसारखं दोन्ही लिहीन, मात्र ‘विषयात पास १०’ हे वाक्य पहिलं असेल. मैत्रिणीला हे पटलेलं नाही, तिला फक्त १० हवेत.