साताऱ्यात ओळख वाढवायची, तर गावात भेटावं की गावाबाहेर?

शाहूपुरीकर
मी २८, ती २६. दोघंही साताऱ्यातच नोकरीला, सकाळी पळणाऱ्यांच्या ग्रुपमध्ये ओळख झाली. लग्नाचं काहीच ठरलेलं नाही, आधी एकमेकांना नीट ओळखायचंय. माझं मत असं की पुण्यात भेटावं, तिथे कोण ओळखतंय? तुम्हाला काय वाटतं?

नाक्यावरचा
पुण्यात ओळखत नसतील, पण पुण्याच्या गाडीत ओळखतात. शनिवार-रविवारी स्वारगेटच्या एस्टीत निम्मी गाडी आपलीच असते. त्यात जाऊन-येऊन सव्वादोनशे किलोमीटर, म्हणजे दिवस गेला. त्या दिवसाचा हिशेब घरी द्यायला थाप मारावी लागते, आणि उद्या कळलं की बोलणं भेटीवर होत नाही, थापेवर होतं.

गावातच भेटा, पण पहिले काही दिवस ग्रुपच्या आडोशाने. यवतेश्वरचा घाट चढून झाल्यावर चौघं-पाचजण चहाला थांबतातच, तिथे अर्धा तास बोलणं होतं. तुम्ही दोघं रोज त्या घोळक्यात दिसलात की लोकांची नजर मरते. नवं दिसतं त्याचीच बातमी होते. नंतर दोघंच भेटलात तरी वेळ सकाळची, जागा वर्दळीची आणि गाड्या वेगवेगळ्या. इथे माणसाच्या आधी गाडी ओळखली जाते. तिची मोपेड तुमच्या ऑफिसखाली दोनदा दिसली की पुरे. आणि तोंडाला स्कार्फ गुंडाळून मागे बसणं तर अजिबात नको, ज्याचं लक्ष नसतं तोही वळून बघतो.

कास रोड
एवढी कसरत कशाला? सरळ कासला जा, चारभिंतीवर जा. निवांत जागा आहेत.

नाक्यावरचा
निवांत म्हणूनच नको. चारभिंतीवर संध्याकाळी दोघं बसलेले दिसले की बघणाऱ्याला अर्थ लावायलाही लागत नाही. कासला फुलांच्या हंगामात अख्खा जिल्हा लोटतो, बाकीच्या वेळी रस्ता इतका मोकळा की थांबलेली गाडी लांबून दिसते. राजवाड्याजवळ भर गर्दीत उभ्याने भेळ खाणारे दोघं त्या मानाने कुणाच्या लक्षातही राहत नाहीत.

वकीलकाका
नोंदणी विवाह करणार असाल तर ध्यानात ठेवा, १९५४ च्या विशेष विवाह कायद्यात ३० दिवसांची नोटीस असते आणि ती विवाह अधिकाऱ्याच्या कचेरीत लावतात. दोघांपैकी एक तरी त्याआधी ३० दिवस त्या जिल्ह्यात राहणारा लागतो. लपवायचं असेल तर याचा विचार आधी करा.

शाहूपुरीकर
काका, अजून चहाच झालाय.

सदरबझार वहिनी
नाक्यावरच्यांचं गाड्यांचं गणित बरोबर, पण बातमी पुढे कशी जाते ते त्यांनी सोडलं. बघणारा थेट काही बोलत नाही. तो बायकोला सांगतो, ती भिशीत किंवा भाजी घेताना मुलीच्या आईला सहज विचारते, "काल तुमची लेक नाक्यावर दिसली, सोबत कोण होतं हो?" आई गोंधळली की तिथे बातमी पक्की होते. आई म्हणाली, "हो, त्यांच्या पळण्याच्या ग्रुपमधला आहे," की विषय संपला. म्हणून घरात एका माणसाला आधी माहीत हवं. वडिलांना नको, ते लगेच "घराणं कुठलं" वर येतात. वहिनी, मावशी, थोरली बहीण, यांपैकी जिच्या पोटात राहतं ती. तिलाही एवढंच सांगायचं : नाव, नोकरी, ओळख कुठली, आणि अजून काही ठरलेलं नाही.

मोती चौक
वहिनी, हे मुलाच्या घरी चालतं. मुलीच्या घरी मावशीला सांगितलं की आठ दिवसांत आईला, पंधरा दिवसांत कांदेपोहे, तेही दुसऱ्याच स्थळाचे. सकाळचं पळणं बंद, कामावर सोडायला-आणायला भाऊ. मुलाला फार तर टोमणे बसतात. तेव्हा कुणाला आणि कधी सांगायचं ते तिलाच ठरवू द्या. तिने नको म्हटलं तर तुम्हीही घरी बोलू नका, कारण तुमच्या आईकडून तिच्या आईपर्यंत पोचायला एक हळदीकुंकू पुरतं.

सदरबझार वहिनी
तिने ठरवावं, मान्य. पण कुणालाच सांगायचं नाही म्हटलं तर पहिली बातमी परक्याच्या तोंडून घरात येते. त्याने नुसतं सकाळचं पळणं थांबत नाही, नोकरीही थांबते.

मोती चौक
सगळ्या घरांत नाही. काही घरांत "मला माहीत नव्हतं" म्हणता येणं हीच आईची सोय असते.

कास रोड
बरं, ग्रुपमधल्या मित्रांना तरी सांगावं का?

नाक्यावरचा
त्यांना सांगायची गरज पडत नाही, ते आधीच ओळखून असतात. फक्त ग्रुपच्या फोटोत दर वेळी शेजारी उभे राहू नका. ते फोटो स्टेटसला जातात आणि स्टेटस आत्याही बघते.

शाहूपुरीकर
पुणं रद्द. मावशीचं तिला विचारतो. तिची थोरली बहीण कोरेगावला दिलीय, ती चालेल का?

मोती चौक
बहीण चालेल. तिच्या सासूचं काय ते बघा.