मदत हवी आहे: स्नायू वाढल्यावर रोजच्या कॅलरी किती वाढवायच्या?

सोलापुरातल्या ट्रेनर आणि आहारतज्ज्ञ मंडळींना विचारतोय. 3 किलो स्नायू वाढले की जिममधला काटा विश्रांतीतला खर्च रोज 65 कॅलरींनी वाढलेला दाखवतो. तो खर्च मोजत नाही, 370 + 21.6 × चरबीविरहित वजन एवढंच सूत्र लावतो. त्या 21.6 मध्ये यकृत, हृदय, मूत्रपिंडंही आली. ती डंबेल्सने थोडीच वाढतात! निव्वळ स्नायू किलोमागे दिवसाला साधारण 13 कॅलरी खातो, म्हणजे जेमतेम 40. चमचाभर शेंगाचटणीत संपलं! शिवाय क्रिएटिनने साठलेलं पाणीही काटा स्नायूंतच धरतो.

मग आहार ठरवताना हा आकडा सोडून तीन आठवड्यांचं सकाळचं सरासरी वजन आणि खाण्याची नोंद यावर कोण चालतं? पाळीच्या दिवसांतलं वजन कसं धरता?