मदत हवी आहे: व्हर्चुअलबॉक्समध्ये लाइव्ह मिंट, २५ जीबी डिस्क देऊनही 'जागा नाही'

कृष्णाकाठ_प्रेस (सांगली):
नमस्कार मंडळी. विश्रामबागेत लग्नपत्रिका आणि हँडबिलं छापायचं आमचं छोटं युनिट आहे. विंडोज १० चे अपडेट ऑक्टोबर २०२५ ला बंद झाले, म्हणून लिनक्स मिंटवर जायचा विचार चालू आहे. पण सीझन तोंडावर आहे, मशीन पुसून बघायची हिंमत नाही. म्हणून विंडोजमध्येच व्हर्चुअलबॉक्स टाकलं आणि मिंटची आयएसओ लाइव्ह चालवली. मशीन बनवताना जे आकडे आपोआप आले तेच ठेवले: रॅम २०४८ एमबी, डिस्क २५ जीबी. लॅपटॉपची रॅम ८ जीबी.

डेस्कटॉप छान आला, मराठी टायपिंगही जमलं. मग सॉफ्टवेअर मॅनेजरमधून स्क्राइबस टाकायला घेतलं तर अर्ध्यावर `No space left on device`. २५ जीबी गेली कुठं?

वाईकर_सर:
डिस्क ५० जीबी करा. लिनक्सला जागा लागतेच. सेटिंगमध्ये वाढवता येते.

घाटमाथा:
सर, डिस्क वाढवता येते हे बरोबर, पण इथं उपयोग नाही. लाइव्ह सेशन त्या डिस्कला हातच लावत नाही. प्रेसवाले दादा, टर्मिनलमध्ये हे चालवा आणि काय येतं ते टाका:

```
df -h /
```

शिवाय स्क्राइबस निवडताना 'सिस्टम पॅकेज' होतं की 'फ्लॅटपॅक'?

कृष्णाकाठ_प्रेस:
फ्लॅटपॅक होतं. आणि हे आलं:

```
Filesystem  Size  Used Avail Use% Mounted on
/cow        977M  958M   20M  98% /
```

घाटमाथा:
मग उलगडा झाला. आयएसओतली मूळ सिस्टम फक्त वाचता येते, तिच्यात काही लिहिता येत नाही. तुम्ही जे टाकता, बदलता, डाउनलोड करता ते सगळं तिच्यावर अंथरलेल्या एका थरात जातं, आणि तो थर रॅममध्ये असतो. `/cow` म्हणजे तोच. त्याला रॅमच्या साधारण निम्मी जागा मिळते. तुमची दोन जीबी, म्हणून जेमतेम एक जीबी. फ्लॅटपॅक स्वतःसोबत अख्खा रनटाइम आणतं, तो शेकडो एमबीचा असतो, तिथंच भरलं. डिस्क ५०० जीबी केली तरी हा आकडा हलणार नाही.

मशीन बंद करा, रॅम ४०९६ करा. आठपैकी चार विंडोजला राहतात, पण त्या वेळी ब्राउझरचे वीस टॅब उघडे ठेवू नका. `/cow` दोन जीबीच्या आसपास दिसेल. या वेळी सिस्टम पॅकेज घ्या:

```
sudo apt update
sudo apt install scribus
```

बंद केल्यावर हे सगळं पुसलं जातं, ते टाळायचं तर खिडकी बंद करताना `Save the machine state` निवडा. रॅम जशीच्या तशी फाइलमध्ये उतरते आणि उद्या तिथूनच सुरू होतं. मात्र आयएसओची फाइल जागेवरून हलवू नका. आणि रॅमचा आकडा आधीच ठरवा, सेव्ह केलेल्या अवस्थेत तो बदलता येत नाही.

वाईकर_सर:
हे रॅमचं माहीत नव्हतं. आता माझंही सांगतो. माझ्या व्हर्चुअल मशीनमध्ये वायफायचं चिन्हच येत नाही. शाळेच्या लॅबमध्ये मिंट टाकायचं होतं, पण वायफाय चालत नसेल तर काय उपयोग?

घाटमाथा:
त्यावरून काहीच ठरत नाही, सर. आतल्या मिंटला तुमचं वायफाय कार्ड दिसतच नाही. व्हर्चुअलबॉक्स त्याला केबलचं इंटेल कार्ड दाखवतं, `lspci` मध्ये 82540EM असं दिसेल. ग्राफिक्स कार्डही खोटं. म्हणून तिथं संथ वाटलं तरी खऱ्या मशीनवर तसंच असेल असं नाही. वायफाय, आवाज, झाकण मिटल्यावर झोपणं, हे बघायचं तर तीच आयएसओ पेनड्राइव्हवर उतरवून लॅबच्या एका कॉम्प्युटरवर लाइव्ह लावा. फक्त तिथं इन्स्टॉलरच्या चिन्हाला हात लावू नका, ती खरी डिस्क असते. व्हर्चुअल मशीनमध्ये 'डिस्क पुसा' म्हटलं तरी आतली फाइलच पुसली जाते.

पेठवडगावची_मीनल:
नवीन मशीन करताना आयएसओ निवडली की व्हर्चुअलबॉक्स ७ कधीकधी स्वतःच इन्स्टॉल करायला घेतं. `Skip Unattended Installation` वर टिक करा, तरच थेट लाइव्ह डेस्कटॉप येतो.

कृष्णाकाठ_प्रेस:
रॅम चार केली, `/cow` १.९ जीबी दाखवतंय. स्क्राइबस बसलं, एक पत्रिका युनिकोड फाँटमध्ये जुळवली, जोडाक्षरं नीट आली, पीडीएफ पण झाली. सेव्ह करून सकाळी उघडलं तर फाइल जशीच्या तशी. मनापासून आभार.

आता दोन गोष्टी उरल्यात. यूएसबी प्रिंटर व्हर्चुअल मशीनला जोडून रंग तपासता येतील का? आणि दहा वर्षांच्या पत्रिका युनिकोड नसलेल्या जुन्या फाँटमध्ये आहेत, त्यांचं काय?

घाटमाथा:
प्रिंटर `Devices` मेनूतल्या `USB` मधून आत देता येतो. तेवढा वेळ तो विंडोजला दिसणार नाही. ड्रायव्हर मिळतो का ते कळेल. रंगांचं मात्र छापून बघितल्याशिवाय मी सांगू शकत नाही. मॉडेल कोणतं आहे?

पेठवडगावची_मीनल:
जुन्या फाँटची फाइल `~/.fonts` मध्ये टाकून मजकूर दिसेल, पण कोणत्या सॉफ्टवेअरमध्ये बनवल्यात त्यावर आहे. त्यातली एक पत्रिका शेअर्ड फोल्डरने आत नेऊन उघडून बघा. आमच्याकडच्या काही उघडल्या, काहींची मांडणी विस्कटली. कुणी सगळ्या युनिकोडमध्ये बदलून घेतल्या असतील तर मलाही हवं आहे.