शब्दचर्चा : ‘सामान्य प्रतिलेखन घटक’, मग असामान्य कोणते?

दौत-टाक : बीएस्सीच्या मुलांसाठी एका पुस्तिकेचं मराठीकरण करतेय. दोन वाक्यांशी अडले आहे. ‘सिग्मा घटक आरएनए पॉलिमरेजला प्रवर्तकाकडे नेतो’ आणि ‘दृश्यकेंद्रकी पेशीत सामान्य प्रतिलेखन घटक प्रवर्तकावर जमतात’. दुसरं वाक्य भाचीला वाचून दाखवलं, तर ती म्हणाली, “मावशी, मग असामान्य घटक कोणते?” मला उत्तर देता आलं नाही. शिवाय दोन्हीकडे फॅक्टरला ‘घटक’ म्हटलं, तर मुलांना ती एकच वस्तू वाटेल का?

चाळकरी : प्रवर्तक म्हणजे प्रकल्प बांधून विकणारा ना? महारेराच्या कागदांत बिल्डरला तोच शब्द असतो. आमच्या प्रवर्तकाने पार्किंग चार वर्षं लटकवलंय.

दौत-टाक : काका, हा डीएनएवरचा प्रवर्तक, जिथून आरएनए लिहायला सुरुवात होते ती जागा. हा कुठे पळून जात नाही.

कोवळं_ऊन : जनरल म्हणजे ‘सर्वसाधारण’ करा, झालं. आणि वस्तू तशी एकच आहे हो. जिवाणूत एकटा सिग्मा करतो ते काम आपल्या पेशीत पाच-सहा जणांत वाटलंय. जिवाणूचा एकखांबी तंबू, आपला मांडव.

खलबत्ता : मांडव आवडला, पण ‘वस्तू एकच’ हे अर्धंच खरं. आधी ‘घटक’ घेऊ.

फॅक्टर हे नाव निरुपायाने पडलेलं असतं. काहीतरी आहे, त्याच्यावाचून काम अडतं, पण ते काय आहे ते कळलेलं नाही, म्हणून फॅक्टर. १९६९ साली बर्जेस, ट्रॅव्हर्स वगैरे मंडळींनी ई. कोलायचं पॉलिमरेज फॉस्फोसेल्युलोजच्या कॉलममधून शुद्ध केलं. शुद्ध झालेलं एन्झाइम वासराच्या थायमसमधल्या डीएनएवर छान चालायचं, पण टी४ विषाणूच्या डीएनएवर जवळजवळ बंद. कॉलममधून वेगळं निघालेलं एक प्रथिन परत मिसळलं की टी४वरही सुरू. ते प्रथिन म्हणजे सिग्मा. थायमसच्या डीएनएत तयार करतानाच जागोजागी चिरा पडलेल्या असतात, आणि नुसतं पॉलिमरेज अशा चिरेपासून कुठूनही लिहायला लागतं. टी४चा डीएनए अखंड होता. तिथे दार शोधावं लागतं, आणि ते सिग्माशिवाय सापडत नाही.

सिग्मा आधी पॉलिमरेजला चिकटतो आणि मग दोघे मिळून प्रवर्तक शोधतात. म्हणजे तो त्या यंत्राचा खरोखर घटक आहे, आणि लेखन सुरू झाल्यावर बहुधा गळून पडणारा. उलट तुमच्या दुसऱ्या वाक्यातल्या सामान्य घटकांपैकी टीएफटूडी पॉलिमरेज यायच्या आधीच डीएनएवर जाऊन बसू शकतो. तो पॉलिमरेजचा घटक नव्हे. ‘प्रतिलेखन घटक’ या जोडशब्दाने मात्र तो कशाचा तरी भाग असल्यासारखं वाटतं. तुमची शंका रास्त आहे. त्यातल्या त्यात टीएफटूएफ हा पॉलिमरेजला धरूनच येतो, त्याला घटक म्हटलं तर मी भांडणार नाही.

कोवळं_ऊन : मग टीएफटूए, बी, डी, ई, एफ, एच यांत सी कुठे गेला? आमच्या सरांनी सांगितलं होतं, ‘पाठ करा, विचारू नका.’

खलबत्ता : अक्षरं कॉलमच्या भागांवरून आलीत. इथेही तेच फॉस्फोसेल्युलोज. मिठाचं प्रमाण वाढवत गेलं की प्रथिनं टप्प्याटप्प्याने सुटतात. त्या टप्प्यांना ए, बी, सी, डी म्हटलं, आणि डी टप्प्यातला तो टीएफटूडी. सीमधला पदार्थ पुढे शुद्ध केला, तर १९८३मध्ये तो पॉली-एडीपी-रायबोज पॉलिमरेज निघाला. तो प्रवर्तकावर काहीच करत नव्हता. डीएनएच्या चिरांवरून होणारी खोटी सुरुवात तेवढी दाबत होता, त्यामुळे खरी सुरुवात उठून दिसायची. पुन्हा चिराच! म्हणून यादीतून सी गेला.

पिपेट_हरवलं : मध्येच विचारते. एमएस्सीच्या प्रकल्पात मी सीएमव्ही या माणसाच्या विषाणूचा प्रवर्तक असलेला प्लाझ्मिड ई. कोलायमध्ये घातला. अ‍ॅम्पिसिलिनच्या प्लेटवर वसाहती मस्त आल्या, पण जेलवर प्रथिनाचा पट्टा नाही. तीनदा केलं. “त्या प्रवर्तकात टाटा पेटी आहे, जिवाणूतही तसंच असतं, चालेल,” असं मला सांगितलं होतं. सीएमव्हीमधली टाटा जिवाणूला का चालू नये?

खलबत्ता : वसाहती आल्या कारण अ‍ॅम्पिसिलिन-रोधी जनुकाला स्वतःचा जिवाणू-प्रवर्तक असतो. त्यावरून तुमच्या जनुकाचं काही कळत नाही. आता अक्षरं बघा.

```
जिवाणू, सिग्मा-७० :  TTGACA --१७ अक्षरं-- TATAAT --> सुरुवात
टाटा पेटी          :  TATAAA --साधारण २५-३०-- > सुरुवात
```

जिवाणूत TATAAT सुरुवातीपासून दहा अक्षरं मागे असतं आणि डीएनए नेमका तिथेच उघडतो. सिग्मा त्यातली दोन अक्षरं उलगडून आपल्या खोबणीत धरतो, त्यासाठी एटीपी लागत नाही. आपल्या पेशीत टीएफटूडीमधलं टीबीपी हे प्रथिन टाटाच्या जागी डीएनएला सुमारे ८० अंशांत वाकवतं, पण ती जागा उघडत नाही. ती खूण असते. उघडायचं ते पुढे, सुरुवातीपाशी, आणि तिथे टीएफटूएच एटीपी खर्च करतो. अक्षरं सारखी दिसतात, काम वेगळं. म्हणून मला ‘पेटी’ हा शब्दही फसवा वाटतो.

बरं, तुमच्याकडे योगायोगाने आरएनए तयार झाला असता, तरी जिवाणूच्या रायबोसोमला बसायची जागा सीएमव्ही प्लाझ्मिडमध्ये सहसा नसते. आरएनए काढून बघितलात का? तो असेल तर अडचण आरएनएवरून प्रथिन बनण्यात, नसेल तर प्रवर्तकात.

पिपेट_हरवलं : आरएनए काढलाच नाही. आता सेमिस्टर संपलं.

सातूचं_पीठ : खलबत्ता, ‘एटीपी लागत नाही’ हे सरसकट लिहू नका. सिग्मा-५४ बंद दारावर बसून राहतो, आणि दुसरं प्रथिन एटीपी मोडतं तेव्हाच दार उघडतं. त्याची अक्षरंही वेगळी, २४ आणि १२च्या जागी.

खलबत्ता : मान्य. मी सिग्मा-७०पुरतं बोलत होतो. ई. कोलायचे सात सिग्मा आहेत, त्यात हा एकटा वेगळ्या कुळातला.

कोवळं_ऊन : सात सिग्मा? म्हणजे सिग्मा बदलला की जनुकांचा गटच बदलतो! तापमान वाढलं की सिग्मा-३२ हे पाठ केलं होतं, पण असं कधी डोक्यात आलं नाही. मग जनरलचा जोडीदार ‘विशिष्ट’ नव्हे का? भाचीला उत्तर मिळालं.

दौत-टाक : म्हणजे असामान्य नाही, विशिष्ट जनुकाचे. मग ‘सार्वत्रिक आरंभ-प्रथिनं’ लिहू का? आणि सिग्माला ‘सिग्मा घटक’ राहू दे?

सातूचं_पीठ : सार्वत्रिकही जपून. पीळ भरलेल्या डीएनएवर काही प्रवर्तकांसाठी परीक्षानळीत टीबीपी, टीएफटूबी आणि पॉलिमरेज एवढ्यावर काम सुरू होतं. पिळाचा ताणच दार ढकलतो, टीएफटूई आणि टीएफटूएच लागत नाहीत. मग सार्वत्रिक कसले?

खलबत्ता : परीक्षानळीतली गोष्ट पेशीत ओढू नका. पण ‘आरंभ’ मला पटतं, ‘घटक’पेक्षा बरं.

सातूचं_पीठ : टीएफटूएच डीएनए-दुरुस्तीतही लागतो. त्याला नुसतं आरंभाचं म्हणणार?

दौत-टाक : तूर्त ‘आरंभ-प्रथिनं’ लिहिते आणि खाली चालू पाठ्यपुस्तकी शब्द देते. परीक्षेत मुलांना तोच लिहावा लागेल. ‘टाटा पेटी’ बदलायचं धाडस नाही.

चाळकरी : टाटा राहू द्या. प्रवर्तकाचंच काहीतरी बघा.